मुलाखतीची टिपणे तीन महिन्यांनी उघडली तेव्हा : पुरवठादार गुणवत्ता अभियंत्याच्या निवडीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीतले हे प्रकरण आहे. कंपनी आणि संबंधित व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. ही कंपनी ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बाहेरच्या फाउंड्र्यांकडून घेते आणि त्यांचे मशीनिंग आपल्या कारखान्यात करते. ओतकामातला दोष बहुतेक वेळा मशीनिंग झाल्यावरच उघडा पडतो, म्हणजे भागावर पैसा आणि वेळ खर्च होऊन गेलेला असतो. त्यामुळे फाउंड्रीत प्रत्यक्ष जाऊन दोषाचे मूळ शोधणारा आणि पुरवठादाराकडून सुधारणा करून घेणारा पुरवठादार गुणवत्ता अभियंता कंपनीला हवा होता.

पाच उमेदवारांच्या मुलाखती तीन आठवड्यांत झाल्या. मुलाखत घेणारे तिघे होते : गुणवत्ता विभागाचे प्रमुख, खरेदी व्यवस्थापक आणि एचआरमधील अधिकारी. उमेदवार अ याला नेमणुकीचे पत्र देण्यात आले आणि त्याने ते स्वीकारले. त्याच्या जुन्या कंपनीचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा होता. तो संपत आला असताना जुन्या कंपनीने पगार वाढवून दिला आणि अ याने येणार नसल्याचे कळवले. असे प्रसंग आपल्याकडे इतके नेहमीचे आहेत की दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार हा निवडीचाच एक भाग धरायला हवा. येथे तो धरलेला नव्हता.

दरम्यान गुणवत्ता प्रमुखांची कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात बदली झाली होती आणि त्यांच्या जागी नवे प्रमुख आले होते. एका उमेदवाराला पहिल्याच वेळी नकार कळवलेला होता. ब, क आणि ड हे तिघे अजून उपलब्ध होते. त्यांच्यातून कोणाला घ्यायचे हे अशा माणसाला ठरवायचे होते, ज्याने तिघांपैकी एकालाही पाहिलेले नव्हते. त्याच्यापुढे होती ती फक्त टिपणे.

अडचण

एचआरच्या फाइलमध्ये प्रत्येक उमेदवाराचे एक पान होते. ब याच्या पानावर लिहिले होते : ‘अनुभव चांगला. फाउंड्रीचे ज्ञान आहे. कम्युनिकेशन कच्चे.’ क हिच्या पानावर : ‘हुशार, कॉन्फिडंट. पुरवठादारासमोर टिकेल का, शंका. प्रवास?’ ड याच्या पानावर : ‘ॲटिट्यूड उत्तम. मेहनती वाटतो. टीममध्ये बसेल.’ प्रत्येक पानाच्या तळाशी पाचपैकी गुण आणि त्यांची सरासरी होती. ब याला ३.३, क हिला ३.५ आणि ड याला ४ गुण होते.

गुण पाहून एचआरचा कल साहजिकच ड याच्याकडे गेला. नव्या प्रमुखांनी सुटे गुण मागवले तेव्हा चित्र वेगळे दिसले. ब याला गुणवत्ता प्रमुखांनी २.५, खरेदी व्यवस्थापकांनी ३.५ आणि एचआरने ४ गुण दिले होते. क हिचे गुण याच क्रमाने ३, ३.५ आणि ४ होते. ड याच्या मुलाखतीच्या दिवशी गुणवत्ता प्रमुख ग्राहकाच्या ऑडिटमध्ये अडकले होते, त्यामुळे त्याला दोघांचेच गुण होते, ४ आणि ४. पाचही पाने शेजारी ठेवली तेव्हा असे दिसले की गुणवत्ता प्रमुखांनी कोणालाही ३.५ च्या वर गुण दिलेले नव्हते आणि एचआरने कोणालाही ३.५ च्या खाली उतरवलेले नव्हते. तिघांमध्ये सर्वांत कडक हाताने गुण देणारा माणूस ड याच्या वाट्याला आलाच नव्हता. उरलेल्या दोघांचेच गुण धरले तर ब आणि क यांची सरासरी ३.७५ होते आणि ड याची आघाडी पाव गुणावर येते.

गुणांचा हा घोळ निदान आकडेमोडीने उघडा पडतो. शब्दांचा घोळ तसा पडत नाही. ‘कम्युनिकेशन कच्चे’ म्हणजे उमेदवाराला मुद्दा मांडता आला नाही, की इंग्रजी बोलताना तो अडखळला? ‘टिकेल का, शंका’ ही शंका कोणत्या उत्तरावरून आली? ब याच्या पानावर मोजमापाविषयी एक शब्दही नव्हता. त्याला ते विचारले आणि आले नाही, की विचारलेच नाही? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तुलना करताना रिकामी जागा नकळत उणीव म्हणून वाचली जाते. एकाला विचारलेला आणि दुसऱ्याला न विचारलेला प्रश्न हा दुसऱ्याचा दोष होऊन बसतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता जुन्या तिघांना एकत्र बसवून आठवणीवर चर्चा करण्याचा. तो सर्वांत सोपा होता आणि खरेदी व्यवस्थापकांचा आग्रहही त्यासाठीच होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना तिन्ही उमेदवार ‘स्पष्ट आठवत’ होते. परंतु इतक्या अवधीनंतर माणसाला उत्तरे आठवत नाहीत, उत्तरांवरून झालेले मत आठवते, आणि मग त्या मताला साजेशी उत्तरे मन जुळवून देते. नव्या प्रमुखांनी हा पर्याय नाकारला.

दुसरा पर्याय होता सर्व प्रक्रिया पुन्हा करण्याचा : नवी जाहिरात, नवे उमेदवार, आणि कदाचित पुन्हा ९० दिवसांचा नोटीस पिरियड. मशीनिंगनंतर भाग नापसंत होणे चालूच असताना हे परवडणारे नव्हते.

तिसरा पर्याय दोन भागांचा होता. मुलाखतीच्या वेळी हाताने लिहिलेले कागद कोणाकडे उरले असतील तर ते मिळवायचे आणि त्यांतून पुरावा म्हणून वापरता येईल एवढेच उचलायचे. जे उरणार नाही त्यासाठी तिन्ही उमेदवारांची एक छोटी फेरी घ्यायची, ज्यात प्रश्न, त्यांचा क्रम आणि वेळ तिघांसाठी एकच असेल. हा पर्याय स्वीकारण्यात आला.

काय केले : जुने कागद

जुन्या गुणवत्ता प्रमुखांना बायोडेटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिण्याची सवय होती आणि ते बायोडेटे त्यांनी टाकून दिलेले नव्हते. ब याच्या कागदावर पेन्सिलीने लिहिले होते : ‘ब्लोहोल – लॉट थांबवला – १००% सॉर्टिंग – व्हेंट ?’ एचआरच्या पानावर याचेच ‘फाउंड्रीचे ज्ञान आहे’ झाले होते.

नव्या प्रमुखांनी फोन करून त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ विचारला. उत्तर असे आले, की उमेदवार सॉर्टिंगपर्यंत येऊन थांबला होता, तेव्हा आपणच ‘आणि डायचे व्हेंट तपासले का?’ असे विचारले आणि तो ‘हो’ म्हणाला. आपण स्वतः पुरवलेल्या मुद्द्यापुढे प्रश्नचिन्ह टाकायची त्यांची पद्धत होती. व्हेंट म्हणजे साच्यातली हवा बाहेर जाण्याची वाट, दोषाच्या कारणाकडे बोट दाखवणारा मुद्दा. म्हणजे त्या ओळीतला तांत्रिकदृष्ट्या सर्वांत वजनदार शब्द उमेदवाराचा नव्हताच, तो मुलाखत घेणाऱ्याचा होता. प्रश्नचिन्हाचा अर्थ सांगणारा माणूस फोनवर मिळाला नसता, तर हा शब्द ब याच्या खात्यावर जमा राहिला असता. उमेदवाराने आपणहून काय सांगितले आणि सूचना दिल्यावर काय सांगितले, हा फरक टिपणात दिसत नसेल तर बोलका मुलाखतकार लाभलेला उमेदवार नेहमीच अधिक जाणकार ठरतो.

क हिच्या कागदावर ‘गेज – ऑपरेटरमध्ये फरक – १० × ३ × ३ स्वतः’ असे होते आणि कुठेही प्रश्नचिन्ह नव्हते. मोजमापाच्या साधनातच किती चढउतार आहे हे पाहण्यासाठी १० नग, ३ ऑपरेटर आणि प्रत्येकी ३ वेळा मोजणी अशी चाचणी घेतात. ती तिने स्वतः केल्याचे सांगितले होते. ही माहिती एचआरच्या पानापर्यंत पोचताना ‘हुशार’ या एका शब्दात विरून गेली होती.

‘पुरवठादारासमोर टिकेल का’ ही शंका खरेदी व्यवस्थापकांची होती. ती कशावरून आली असे विचारल्यावर ते म्हणाले, “ती फार हळू बोलत होती, आणि आपले फाउंड्रीवाले कसे आहेत तुम्हाला माहीत आहे.” पुरवठादाराशी वाद झाल्याचा प्रसंग तिला विचारला होता का, यावर उत्तर ‘नाही’ असे होते. तो कोणालाच विचारलेला नव्हता. ‘प्रवास?’ हा शब्द एचआरचा होता. लग्न झाल्यामुळे बाहेरगावी जाता येईल का, असे तिला विचारण्यात आले होते; ब आणि ड यांना कोणी काही विचारले नव्हते.

येथे एक निर्णय घ्यावा लागला. ‘प्रवास?’ आणि त्यामागचा प्रश्न तुलनेतून पूर्णपणे वगळायचा, पण मूळ पान खोडायचे किंवा बदलायचे नाही, असे ठरले. स्त्री-पुरुष भेद करून भरती करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या कलम ५ ने मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. अशा वेळी मागाहून फाइल स्वच्छ करणे हे मूळ प्रश्नापेक्षाही अडचणीचे ठरू शकते. त्याऐवजी कामाची खरी गरज लिहून काढली : महिन्यातून साधारण ८ ते १० दिवस फाउंड्रीत, त्यांपैकी काही मुक्कामी. ती तिघांनाही एकाच वाक्यात सांगून ‘हे जमेल का’ एवढेच विचारायचे ठरले.

फोनवर मिळालेल्या आठवणी वेगळ्या रकान्यात, ‘आठवणीतून’ अशी नोंद करून लिहिल्या गेल्या. दुसऱ्या फेरीत काय विचारायचे हे ठरवायला त्यांचा उपयोग करायचा, गुण द्यायला नाही, असा नियम केला.

काय केले : दुसरी फेरी

प्रत्येकी ४० मिनिटांच्या या फेरीत तीन प्रश्न होते. पुरवठादाराच्या मालात दोष निघाला असा एक प्रसंग सांगा आणि त्यात तुम्ही स्वतः काय केले ते सांगा. मोजमापावरून मतभेद झाला असा प्रसंग सांगा. पुरवठादाराने तुमचे म्हणणे मान्य केले नाही तेव्हा काय झाले ते सांगा. यानंतर एक लेखी काम होते : दिलेल्या दोषावर अर्ध्या पानाचा एट-डी अहवाल, म्हणजे दोषाचे कारण आणि उपाय ठरलेल्या टप्प्यांत मांडणारा अहवाल, इंग्रजीत लिहिणे, कारण ग्राहकाला तो इंग्रजीतच जातो. बोलणे मात्र मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, उमेदवाराला हवे त्या भाषेत ठेवले, कारण फाउंड्रीच्या शॉपफ्लोअरवर इंग्रजी कोणी बोलत नाही.

गुण देण्याआधी, म्हणजे एकही उमेदवार समोर येण्याआधी, नवे प्रमुख आणि खरेदी व्यवस्थापक यांनी पहिल्या प्रश्नाच्या गुणांचा अर्थ लिहून ठेवला. माल परत पाठवला किंवा मेल केला, एवढेच सांगितले तर १. सदोष माल वेगळा काढला आणि पुरवठादाराकडून कारण मागवले, पण त्याने दिलेले कारण तसेच स्वीकारले, तर ३. प्रत्यक्ष जाऊन कारणाची खातरजमा केली आणि सुधारणेनंतरचे लॉटही तपासले, तर ५. गुणांना असे वर्तनाचे खुंटे बांधून देण्याची पद्धत पेट्रिशिया केन स्मिथ आणि लॉर्न केंडल यांनी १९६३ मध्ये परिचारिकांच्या कामाच्या मूल्यमापनासाठी मांडली होती. तिचा फायदा येथे लगेच दिसला : खरेदी व्यवस्थापकांचा ३ आणि गुणवत्ता प्रमुखांचा ३ प्रथमच एका अर्थाचे झाले.

टिपणाचा साचाही साधा ठेवला. उमेदवाराचे म्हणणे शक्य तितके त्याच्याच शब्दांत. जेथे सूचना द्यावी लागली तेथे ‘सू.’ आणि सूचना काय दिली ते; जे विचारायचे राहिले तेथे ‘विचारले नाही’; आणि आपला निष्कर्ष सर्वांत शेवटी, वेगळ्या ओळीत. ब याचे पहिल्या प्रश्नाचे टिपण असे झाले :

‘पंपाच्या कव्हरमध्ये मशीनिंगनंतर पोकळ्या. लॉट थांबवला, आमच्याकडचा आणि वाटेतला माल वेगळा काढला. भाग कापून पाहिला. “पोकळी गोल आणि आतून गुळगुळीत होती, म्हणून गॅसची धरली, आकसण्याची असती तर खडबडीत, वेडीवाकडी असती.” दुसऱ्या दिवशी फाउंड्रीत गेला. डीगॅसिंगचा रोटर झिजलेला सापडला, बदलायला लावला. पुढचे तीन लॉट कापून तपासले. सू. : नाही. त्यानंतर रोटर बदलण्याचे वेळापत्रक ठरवले का : विचारले, ठरवले नव्हते. निष्कर्ष : ५ च्या जवळ, पुन्हा घडू नये याची व्यवस्था अपुरी. गुण ४.५.’

हाच तो उमेदवार, ज्याचे ‘कम्युनिकेशन कच्चे’ होते. पहिली मुलाखत संपूर्ण इंग्रजीत झाली होती. त्याच्या लेखी अहवालात काळाच्या चुका होत्या, पण दोष, तात्पुरता उपाय, मूळ कारण आणि कायमचा उपाय हे चारही भाग वाचणाऱ्याला कळत होते. टिपणात हेच लिहिले गेले.

क हिच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खरेदी व्यवस्थापकांना अनपेक्षित होते. पुरवठादार भाग बरोबर आहे म्हणत होता आणि तिच्या कंपनीचे गेज तो चुकीचा दाखवत होते. तिने चाचणी घेतली, तर गेजचाच चढउतार ३० टक्क्यांच्या वर निघाला, म्हणजे त्या गेजवरून माल नाकारणेच योग्य नव्हते. तिने आपल्या वरिष्ठांना तसे लेखी कळवले आणि नाकारलेला माल परत घ्यायला लावला. मात्र ओतकामातील दोषाचे कारण फाउंड्रीत जाऊन शोधल्याचा प्रसंग तिच्याकडे नव्हता. ‘विचारले, अनुभव नाही असे स्पष्ट सांगितले’ अशी नोंद झाली. पहिल्या प्रश्नाला ३ आणि दुसऱ्याला ५ गुण मिळाले.

ड याचे उत्तर सगळे ‘आम्ही’ मध्ये होते. ‘त्यात तुम्ही स्वतः काय केले’ असे दोनदा विचारल्यावर ‘मेल पाठवले आणि फॉलोअप घेतला’ असे उत्तर आले. टिपणात दोन्ही सूचना नोंदवल्या गेल्या आणि गुण २ मिळाला.

निष्पत्ती

ड मागे पडल्यावर खरी तुलना ब आणि क यांची होती, आणि ती टिपणांनी आपोआप सोडवली नाही. एकाचे बळ ओतकामात होते, दुसरीचे मोजमापात. कोणत्या बळाला अधिक वजन द्यायचे हे कामावरून ठरायला हवे होते. नव्या प्रमुखांनी आदल्या सहा महिन्यांची नापसंतीची नोंदवही मागवली. तिच्यात ओतकामातील दोष मोजमापाच्या वादांपेक्षा कितीतरी जास्त होते. त्या आधारावर ब याची निवड झाली. हे वजन दुसऱ्या फेरीच्या आधी ठरले असते तर अधिक बरे झाले असते, कारण उमेदवार पाहून झाल्यावर निकष शोधू लागले की आवडलेल्या उमेदवाराला अनुकूल निकष सापडतो. येथे तसे झाले असे मला वाटत नाही, पण तसे झाले नाही हे फाइलवरून सिद्ध करता येत नाही.

ब रुजू झाला. ग्राहकाला जाणाऱ्या त्याच्या इंग्रजी अहवालांवर प्रमुखांना सुरुवातीला हात फिरवावा लागला, आणि ते टिपणावरून अपेक्षितच होते. एका नेमणुकीवरून टिपणांची पद्धत योग्य ठरली असा निष्कर्ष काढता येणार नाही. काही महिन्यांनी आवक मालाच्या तपासणी विभागात जागा निघाली तेव्हा नव्या प्रमुखांनी क हिचे टिपण काढून तिला थेट बोलावले. तोवर तिने दुसरीकडे नोकरी धरली होती.

वेगळे काय करता आले असते

टिपणे त्याच दिवशी, आणि गुण आपसातील बोलण्यापूर्वी लिहायचे, हे कंपनीने आता ठरवले आहे. खरेदी व्यवस्थापकांची तक्रार अशी आहे की एका उमेदवारामागे यात वीसेक मिनिटे जातात. ती खरी आहे. तडजोड म्हणून नोंद फक्त ठरलेल्या प्रश्नांपुरती ठेवली आहे. मुलाखतीत इतर गप्पा झाल्या तर त्यांची नोंद नाही आणि त्यांना गुणही नाहीत.

गुणांची सरासरी काढणे बंद करावे असे माझे मत होते, ते अर्धेच मान्य झाले. सरासरी अजून काढतात, पण तिच्या शेजारी कोणी किती गुण दिले आणि कोण अनुपस्थित होते हे लिहितात. एखादा मुलाखतकार गैरहजर असेल तर त्याच्या वाट्याचे प्रश्न दुसऱ्याने विचारायचे, किंवा तो आल्यावर तेवढीच फेरी घ्यायची. ड याच्या वेळी हे सहज करता आले असते.

एक उणीव दुसऱ्या फेरीतही राहिली. नव्या प्रमुखांनी तिघांना भेटण्याआधी जुनी पाने आणि पेन्सिलीचे कागद वाचलेले होते. ब याच्याबद्दलचा व्हेंटचा किस्सा त्यांना माहीत होता आणि क हिच्या चाचणीबद्दलही. त्यामुळे त्यांचे गुण पूर्णपणे स्वतंत्र म्हणता येत नाहीत. जुने कागद एचआरने वाचून त्यांतून फक्त प्रश्न तयार करून दिले असते आणि प्रमुखांनी पाने गुण दिल्यानंतर उघडली असती, तर जुन्या आणि नव्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता आल्या असत्या. आता दुसऱ्या फेरीत येणाऱ्या मुलाखतकाराला पहिल्या फेरीची टिपणे, त्याचे स्वतःचे टिपण एचआरकडे जमा होईपर्यंत, दिली जात नाहीत.